उभी की आडवी? त्रिमूर्तीच्या एका फोटोवरचा वाद

उरणच्या एका शाळेला घारापुरीच्या सहलीनंतरच्या प्रदर्शनासाठी त्रिमूर्तीचा फोटो हवा होता. फोटो एक, पण जाणार चार ठिकाणी: सभागृहाच्या भिंतीवर वीस बाय तीस इंचांची फ्रेम, स्नेहसंमेलनाच्या मंचामागची एलईडी वॉल, शाळेच्या इन्स्टाग्राम पानावरची पोस्ट आणि पालकांचे व्हॉट्सअॅप स्टेटस. काम दोघांकडे आले. मामांचा बाजारपेठेत जुना फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम आणि मोठे प्रिंट हा त्यांचा व्यवसाय. भाची शाळेसाठी आणि एका मच्छीमार सोसायटीसाठी पोस्ट आणि रील्स करते. फोटोखालचा मजकूर मी लिहायचा होता, म्हणून मीही स्टुडिओत बसलो होतो.

घारापुरी उरण तालुक्यातच येते. १९८७ साली तिची लेणी जागतिक वारसा यादीत गेली. मुख्य लेण्याच्या मागच्या भिंतीतले सदाशिवाचे शिल्प, ज्याला आपण सगळे त्रिमूर्ती म्हणतो, साधारण साडेपाच मीटर उंच आहे, आणि समोरून पाहिले तर जवळपास चौरसात बसते. वादाचे मूळ या चौरसातच होते.

भाची: मामा, फोटो उभाच काढायचा. आई-वडील बघणार मोबाइलवर, मुलं बघणार मोबाइलवर. आडवा फोटो स्टेटसला टाकला की वर काळं, खाली काळं, आणि मधे बोटभर पट्टी. कोण थांबून बघणार?

मामा: आणि मी भिंतीवर काय लावू? मंचामागे काय दाखवू? आपला कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा आहे. आडवा काढ, सहा हजार बाय चार हजार पिक्सेल मिळतात. तुला उभा हवा तर त्यातून काप की. एवढे पिक्सेल कशाला घेतलेत?

भाची: कापून दाखव.

मामांनी मागच्या एका सहलीतला त्रिमूर्तीचा आडवा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. शिल्प फ्रेममध्ये भरून घेतलेले, मुकुटाच्या वर जेमतेम जागा, खाली पण जेमतेम. त्यावर त्यांनी स्टेटसची उभी चौकट, म्हणजे ९:१६ ची, ठेवली. चार हजारांची उंची तशीच राहिली आणि रुंदी सहा हजारांवरून सव्वादोन हजारांवर आली. शंभरातले साडेसदतीस शिल्लक, बाकी बाहेर. मधला चेहरा पूर्ण होता. दोन्ही बाजूंचे चेहरे अर्ध्यात कापले गेले होते.

भाची: ही त्रिमूर्ती का?

मामा काही बोलले नाहीत. मग त्यांनी भाचीच्याच फोनमधला उभा फोटो मागितला. ती फोटो नेहमी ४:३ मध्ये काढते, कारण फोनचा सेन्सर त्या आकाराचा असतो. फोटो काढताना कॅमेऱ्यात 'फुल' किंवा १६:९ निवडले तर बहुतेक फोन त्याच सेन्सरच्या कडा कापून देतात. जास्तीचे काही मिळत नाही. हे तिला पक्के माहीत आहे, आणि याबाबतीत ती मामांच्या कित्येक गिऱ्हाइकांपेक्षा पुढे आहे. पण त्या उभ्या फोटोवर मामांनी १६:९ ची आडवी पट्टी ठेवली तेव्हा उंचीतला निम्म्याहून थोडा कमी भाग उरला. पट्टी वर सरकवली की मुकुट येतो आणि हात जातात. खाली सरकवली की हात येतात आणि मुकुट जातो.

मामा: चेहरे तर तिन्ही आहेत. मुकुट थोडा कमी दिसला तर चालेल ना पडद्यावर?

इथे मला बोलावे लागले. या शिल्पात चेहऱ्यांइतकेच हात महत्त्वाचे आहेत. आपल्या डावीकडचा उग्र चेहरा अघोराचा, त्याच्या हाताशी नाग आहे. उजवीकडचा सौम्य चेहरा वामदेवाचा, त्याच्या हातात कमळ आहे. मधल्या शांत चेहऱ्यावरचा उंच जटामुकुट तर शिल्पाचा जवळजवळ तिसरा भाग व्यापतो. नाग आणि कमळ कापले गेले तर फोटोखाली मी लिहिलेल्या ओळी वाचून मुले ते शोधणार कुठे? हा फोटो नुसता सुंदर दिसून भागणार नव्हते. ज्याच्यावरून शिल्प ओळखायचे ते त्यात शिल्लक राहायला हवे होते. माझ्या मते आडवा-उभा ठरवण्याआधी हीच यादी करायची असते: काय गेले तर फोटो निरुपयोगी होईल? इथे यादी तीन चेहरे, मुकुटाचे टोक, नाग आणि कमळ अशी होती. खांब, द्वारपाल, छताचा दगड गेला तरी बिघडत नव्हते.

भाची: मग सोपं आहे. मागे सरकायचं. चारी बाजूंनी जागा सोडायची. म्हणजे कुठूनही कापलं तरी यादीतलं काही जाणार नाही.

मामा: किती मागे? ते सांग ना.

दोघांनी कागद घेतला. मामांचा आडवा फोटो सहा हजार बाय चार हजार. त्यातून ४:५ चा उभा कापला तर रुंदी तीन हजार दोनशे मिळते. १६:९ चा आडवा कापला तर उंची तीन हजार तीनशे पंचाहत्तर उरते. म्हणजे शिल्प फ्रेमच्या मधोमध साधारण बत्तीसशे पिक्सेलच्या चौरसात बसवले तर इन्स्टाग्रामची ४:५ पोस्ट आणि १६:९ चा पडदा दोन्ही एकाच फोटोतून निघतात. दोन्ही जेमतेम निघतात, पण निघतात. फक्त ९:१६ निघत नाही, कारण तिथे रुंदी सव्वादोन हजारच आहे.

भाची: स्टेटसला ४:५ चाच फोटो टाकू. वर-खाली थोडं काळं राहील, पण पडद्याची सत्तर टक्के उंची भरेल. आडवा टाकला असता तर चाळीस टक्केही भरली नसती.

मामांना हे पटले. पण त्यांनी लगेच दुसरा हिशेब मांडला, आणि तो माझ्या मते या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा होता.

मामा: भिंतीवरचा प्रिंट तीस इंच रुंद. शिल्प फ्रेमच्या निम्म्याहून थोड्या जास्त रुंदीत. म्हणजे तीस इंचांत त्रिमूर्ती सोळा इंचांची, आणि दोन्ही बाजूंना सात-सात इंच अंधार आणि खांब. शाळेने एवढा मोठा प्रिंट अंधार लावायला मागितलाय का? शिवाय लेण्यात उजेड कमी, आयएसओ वाढवावा लागतो. फोटो जितका कापशील तितका दाणा मोठा दिसतो. मोबाइलवर कळत नाही, भिंतीवर लगेच कळतो.

भाची: मग तू काय करणार? भिंतीसाठी एक, मोबाइलसाठी एक?

मामा: हो. मूर्ती कुठे पळून जाणार आहे? दोनदा काढायला किती वेळ लागतो?

या वाक्यापाशी वाद थांबायला हरकत नव्हती. पण भाचीने तो नारळी पौर्णिमेवर नेला, आणि तिने नेला म्हणून बरे झाले. करंज्याच्या किनाऱ्यावर सोन्याचा मुलामा दिलेला नारळ दर्याला वाहतात. मिरवणूक वाजत-गाजत येते, गर्दी जमते, आणि नारळ पाण्यात जायचा क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. तो परत घडत नाही. तिला सोसायटीसाठी रील करायचे होते आणि सोसायटीच्या कार्यालयातल्या टीव्हीवरही तेच दाखवायचे होते. तिथे 'दोनदा काढू' म्हणायची सोय नव्हती.

भाची: तिथे मी फोन आडवा धरला, मामा.

मामा: तू? आडवा?

भाची: फोर-के मध्ये. आडवा फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०. त्यातून उभा कापला की १२१५ बाय २१६० मिळतो. रीलला लागतो १०८० बाय १९२०. म्हणजे कापूनही शिल्लक राहतं. तोच व्हिडिओ साध्या फुल एचडीत आडवा काढला असता तर उभं कापून रुंदी सहाशेच्या आसपास आली असती. मग तो रीलमध्ये ताणावा लागतो, आणि ताणलेला लगेच कळतो: चेहऱ्यांच्या कडा पुसट होतात, पाण्याच्या लाटा चिखलासारख्या दिसतात.

मग तिने जे दाखवले ते मी याआधी कुणाकडून ऐकले नव्हते. फोनच्या कॅमेऱ्यात पडद्यावर ग्रिडच्या रेषा लावता येतात, दोन उभ्या आणि दोन आडव्या, म्हणजे नऊ चौकोन होतात. आडव्या १६:९ व्हिडिओतून ९:१६ चा उभा कापला तर रुंदीतले शंभरातले जवळपास बत्तीस शिल्लक राहतात, आणि ग्रिडचा मधला उभा पट्टा तेहतीस टक्क्यांचा असतो. म्हणजे शूटिंग चालू असतानाच मधला पट्टा हेच उद्याचे रील समजायचे. नारळ धरलेले हात, नारळ आणि पाणी मधल्या पट्ट्यात ठेवले की रील निघते. बाजूच्या दोन पट्ट्यांत होड्या, पताका, गर्दी राहते, ती टीव्हीसाठी. फोन उभा धरला असेल तर हेच आडव्या पट्ट्याला लागू होते: मधला आडवा पट्टा म्हणजे उद्याचा टीव्ही.

मामा: आणि माणूस चालत मधल्या पट्ट्यातून बाहेर गेला तर?

भाची: तर संपादनात चौकट त्याच्या मागे सरकवायची. तो एकटा असेल तर जमतं. पण एका टोकाला पुजारी आणि दुसऱ्या टोकाला होडी, आणि दोन्ही हवेत, असं असेल तर कुठलीच उभी चौकट दोघांना धरणार नाही. तिथे मी रीलमध्ये आधी एक, मग दुसरं दाखवते. किंवा तो भाग रीलमधून सोडते.

ग्रिडची युक्ती मामांच्या कॅमेऱ्यालाही लागू आहे, फक्त ३:२ च्या फोटोत उभा पट्टा मधल्या पट्ट्याहून थोडा रुंद निघतो, साडेसदतीस टक्क्यांचा. फोनच्या ४:३ फोटोत तो बेचाळीस टक्क्यांचा. मधला पट्टा पाळला तर दोन्हीकडे थोडी जागा हाताशी राहते.

रीलच्या बाबतीत भाचीने आणखी एक गोष्ट मामांना दाखवली, कारण ते ९:१६ म्हणजे पूर्ण पडदा असे धरून चालले होते. रीलवर खाली नाव, मजकूर आणि गाण्याची पट्टी येते, उजवीकडे लाइक-कमेंटची बटणे येतात. वरचा साधारण सातवा भाग आणि खालचा साधारण तिसरा भाग महत्त्वाच्या गोष्टीसाठी धरायचाच नाही. शाळेचे नाव, कार्यक्रमाची तारीख तिथे लिहिली की ती मजकुराखाली दबते. आणि प्रोफाइलवर तेच रील छोट्या चौकटीत दिसते. ही चौकट पूर्वी चौरस होती, २०२५ च्या जानेवारीपासून ती ३:४ ची उभी झाली. म्हणजे तिथे रीलच्या मुखपृष्ठाची वरची आणि खालची पट्टी दिसत नाही. ज्यांनी चौरस पोस्टवर कडेपर्यंत शीर्षके बसवली होती त्यांच्या प्रोफाइलवर डावी-उजवीकडची अक्षरे कापलेली दिसू लागली.

मामा: म्हणजे तुमच्याकडे कापणारा रोज बदलतो. आमच्याकडे कात्री तरी एकच होती.

मामांच्या कात्रीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण प्रिंटमध्ये जे कापले जाते ते परत येत नाही, आणि लोकांची सगळ्यांत जास्त निराशा इथे होते. कॅमेऱ्याचा ३:२ चा फोटो चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा, वीस बाय तीस या सगळ्या मापांत न कापता बसतो. आठ बाय दहाची तयार फ्रेम घरी असली की लांबीतला सहावा भाग जातो. फोनचा ४:३ चा फोटो चार बाय सहावर काढला तर उंचीतला नववा भाग जातो. वर्गाचा फोटो फोनवर काढलेला असतो, बाई आणि मुले फ्रेमच्या कडेपर्यंत भरलेली असतात, आणि प्रिंट हातात आल्यावर मागच्या रांगेचे केस किंवा पुढच्या रांगेचे पाय गायब असतात. लॅबचे मशीन कागद भरून टाकायला बघते. कागदाला पांढरी कड चालेल की कडेपर्यंत भरून हवा, हे विचारल्याशिवाय मामा प्रिंट टाकत नाहीत. पांढरी कड चालत असेल तर पूर्ण फोटो येतो.

त्यानंतर फ्रेमची पट्टी चारी बाजूंनी पाचेक मिलिमीटर झाकते, आणि आत माउंट लावला तर त्याहून जास्त. फ्रेमच्या बाहेर गुंडाळलेल्या कॅनव्हासवर तर चारी बाजूंचा दीड-दोन इंच भाग लाकडाच्या कडेवर वळून जातो. त्रिमूर्तीच्या मुकुटाचे टोक फोटोत कडेला टेकलेले असेल तर फ्रेम लागल्यावर ते टोक राहत नाही. मामांचा नियम साधा आहे: मोठ्या प्रिंटमध्ये यादीतली कुठलीही गोष्ट कडेपासून इंचभर आत.

भाची: आणि पडदा? एलईडी वॉल १६:९ च धरू ना? सगळे व्हिडिओ त्यातच असतात.

मामा: धरायचं कशाला? फोन कर ना मंडपवाल्याला.

फोन लावला. वॉल बारा फूट बाय आठ फूट होती. आपल्याकडच्या मंडपांत हे माप नेहमीचे आहे, कारण वॉल चौकोनी पॅनेल जोडून बनते आणि ऑपरेटर मंचाच्या रुंदीप्रमाणे पॅनेल वाढवतो किंवा काढतो. बारा बाय आठ म्हणजे ३:२, बरोबर मामांच्या कॅमेऱ्याचा आकार आणि बरोबर वीस बाय तीसच्या प्रिंटचा आकार. १६:९ ची फाइल दिली असती तर ऑपरेटरने ती एकतर कडांना कापली असती, किंवा वर-खाली ताणून बसवली असती. ताणलेली मूर्ती ओळखायची खूण सोपी आहे: तिन्ही चेहरे लांबुडके दिसतात आणि खांब नेहमीपेक्षा सडपातळ.

त्या एका फोनने चार ठिकाणांची दोन ठिकाणे झाली. प्रिंट आणि वॉल यांना एक आडवा ३:२, पोस्ट आणि स्टेटस यांना एक उभा ४:५. बत्तीसशे पिक्सेलच्या मधल्या तडजोडीची गरजच उरली नाही.

दोघे सकाळच्या लाँचने गेले. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून मंगळवार निवडला. आडव्यासाठी मामा खांबांच्या रांगेच्या मध्यरेषेवर मागे सरकले, म्हणजे दोन्ही बाजूंचे खांब सारखे आले आणि शिल्प मधे मोठे राहिले. मुकुटाच्या वर मोजून थोडी भिंत सोडली, फ्रेमच्या पट्टीसाठी. उभ्यासाठी भाचीने तोच कॅमेरा फिरवला. तिला सुरुवातीला जवळ जाऊन वाइड लेन्सने काढायचे होते. पहिल्या फोटोत नाग आणि कमळ दोन्ही आले, पण कडेचे चेहरे बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे रुंद झाले. जवळून वाइड लावले की कडेच्या गोष्टी अशाच ताणल्या जातात. मग तीही मागे गेली आणि झूम केले. उभ्या फ्रेममध्ये वर-खाली पुष्कळ दगड आला, तो तिने ४:५ ला कापून टाकला, आणि यादी पूर्ण राहिली.

मामांचा आडवा फोटो तिने स्टेटसला लावून बघितला, तिचा उभा मामांनी प्रिंटच्या मापात ठेवून बघितला. दोन्ही ठिकाणी काहीतरी कमी पडत होते, आणि दोघांनाही ते मान्य होते. मला यात कुणाचीच हार दिसली नाही. मामांचे 'आडवा काढ, मग काप' हे फिरत्या व्हिडिओला आणि एकदाच घडणाऱ्या प्रसंगाला खरे आहे, पण तिथे मधला पट्टा पाळला तरच. भाचीचे 'उभा काढ' हे खरे आहे ते फोटो फक्त फोनवरच राहणार असेल तेव्हा. जागेवर उभ्या असलेल्या गोष्टीचा दोन्हीकडून एक-एक फोटो काढायला काही मिनिटे पुरतात, आणि ती न देता नंतर तासभर कापत बसणे हा माझ्या दृष्टीने निव्वळ आळस आहे.

फाइली पाठवताना एक शेवटची अडचण आली. शाळेतून निरोप आला, 'व्हॉट्सअॅपवर टाका.' व्हॉट्सअॅप साधा फोटो म्हणून पाठवले की लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास आणते. तीस इंचांच्या प्रिंटला इंचाला त्रेपन्न पिक्सेल पडले असते, जे हातभर अंतरावरूनही धूसर दिसते. भाचीने तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, मूळ आकारात गेला.

शाळा, मंडळे, सोसायट्या आणि लग्नघरांना एक विनंती आहे. फोटोचे काम देताना 'चांगला फोटो काढा' एवढेच सांगू नका. तो कुठे-कुठे लागणार आहे, प्रिंट किती इंचांचा, वॉल किती फुटांची, पोस्ट आणि स्टेटस हवे का, आणि फोटोत काय गेले तर चालणार नाही, हे एका कागदावर लिहून आधी द्या. लेण्यावरून परत आल्यावर सांगितले तर त्यासाठी दुसरी लाँच पकडावी लागते.